सोबत जोडलेली कागदपत्रे

तांत्रिक छाननीच्या तक्त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. शहरातल्या एका संस्थेच्या कूलर दुरुस्तीच्या निविदेत त्या रकान्यात एका निविदाकारासमोर एवढंच लिहिलं होतं : ‘स्पष्टीकरण मागविले. विहित मुदतीत प्राप्त नाही. अपात्र.’ कागद सगळे होते, बयाणा वेळेत भरलेला होता, अनुभवही भरपूर. अडलं होतं ते इतकंच, की एका कार्यपूर्ती प्रमाणपत्रावर कामाची रक्कम नव्हती आणि त्या कामाचा कार्यादेश दोन दिवसांत पाठवायला सांगितला होता. तो कार्यादेश निविदाकाराच्या कपाटात असणारच होता, पण मागणी त्या कपाटापर्यंत पोहोचली नाही. त्याच्या मेलच्या शेवटी ‘संपर्क’ म्हणून तीन नावं होती : मालक, हिशेब पाहणारे आणि साइटवरचा सुपरवायझर. संस्थेतल्या लिपिकाने पहिला नंबर लावला, तो बंद होता. दुसऱ्यावर उत्तर आलं, “साहेब, ते टेंडरचं भाऊच पाहतात, मी त्यांना सांगतो.” तिसरा नंबर लावायचं मग कुणाला सुचलं नाही, कारण निरोप पोहोचला असं सगळ्यांनी धरून चाललं.

हा शेरा मनातून जात नाही. एखाद्याचे दर जास्त निघाले, अनुभव कमी पडला, तर ते समजण्यासारखं आहे. पण चाळीस-बेचाळीस पानांचा गठ्ठा नीट लावणारा माणूस त्या गठ्ठ्यावरच्या एका पानामुळे बाहेर पडतो, तेव्हा त्या पानाकडे पुन्हा बघावंसं वाटतं. निविदेसोबतचा मेल बहुतेक ठिकाणी सगळ्यात शेवटी लिहिला जातो. मुदत संपायला अर्धा तास उरलेला, स्कॅनर तापलेला, कुणीतरी मागे उभं राहून “पाठव ना रे लवकर” म्हणतंय, अशा वेळी ‘महोदय, सोबत निविदा जोडली आहे, कृपया स्वीकार व्हावा’ एवढं लिहून बटण दाबलं जातं. समोरच्या टेबलावर मात्र सगळ्यात आधी तेच उघडतं. बाकीचे कागद काय आहेत, किती आहेत, कुणाचे आहेत आणि शंका आली तर कुणाला विचारायचं, हे त्या कारकुनाला तिथूनच कळणार असतं.

मोठ्या सरकारी निविदा आता पोर्टलवरच भरल्या जातात. तिथे प्रत्येक कागदाला ठरलेला कप्पा असतो आणि कप्पा रिकामा राहिला तर पोर्टल बहुधा पुढे जाऊच देत नाही. मेलवर निविदा मागवणाऱ्या जागा वेगळ्या : खासगी कंपन्या, ट्रस्टची रुग्णालयं, महाविद्यालयं, गृहनिर्माण संस्था, आणि लहान रकमेच्या मर्यादित निविदा. तिथे अडवणारं कुणी नसतं. अर्धवट मेलही सुखरूप पोहोचतो, आणि तो अर्धवट आहे हे कळेपर्यंत मुदत उलटून गेलेली असते.

नागपुरात अशा निविदांचा हंगाम ठरलेला आहे. फेब्रुवारीत उन्हाला धार यायला लागली की कार्यालयं, वसतिगृहं, दवाखाने कूलर बाहेर काढायच्या तयारीला लागतात : ताट्या बदलणं, पंप तपासणं, टाकी रंगवणं, खिडकीत स्टँडवर बसवणं आणि पावसाळा लागला की उतरवून ठेवणं. मार्चच्या मध्यापर्यंत भिजलेल्या वाळ्याचा वास यायला हवा असेल तर निविदा फेब्रुवारीतच उघडायला लागते. असंच एक काम उदाहरणासाठी घेऊ. एका संस्थेला शंभरेक डेझर्ट कूलरची हंगामी देखभाल हवी आहे. निविदा मेलवर, दोन लिफाफ्यांत : तांत्रिक वेगळा, आर्थिक वेगळा. मुदत १० फेब्रुवारी २०२६, मंगळवार, दुपारी ३ वाजता. तांत्रिक लिफाफा दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता उघडणार.

पहिली गोष्ट पत्त्याची. निविदा सूचनेत एक ठरावीक मेल पत्ता दिलेला असतो, आणि बरेच जुने पुरवठादार तो सोडून ओळखीच्या अधिकाऱ्याच्या पत्त्यावर पाठवतात. वर्षभर बिलं त्याच पत्त्यावर गेलेली असतात, सवयीने निविदाही तिकडेच जाते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ मध्ये या दोन्हींतला फरक स्पष्ट आहे. समोरच्याने एखादा पत्ता नेमून दिला असेल, तर मेल त्या यंत्रणेत शिरला त्या क्षणी तो मिळाला असं धरलं जातं. नेमून न दिलेल्या पत्त्यावर पाठवला, तर समोरच्याने तो प्रत्यक्ष काढून घेईपर्यंत मिळाला असं धरत नाहीत. म्हणजे ३ च्या मुदतीसाठी १ वाजता पाठवलेला मेल साहेबांनी चहानंतर ४ वाजता पाहिला, तर तो उशिरा आलेला ठरू शकतो. निविदेतच वेगळी अट असेल तर ती अट आधी, हे त्याच कलमात आहे. म्हणून ‘प्रति’मध्ये फक्त नेमलेला पत्ता असावा. ओळखीच्या साहेबांना प्रत पाठवण्याचा मोहही आवरावा, कारण लिफाफे उघडण्याआधी एका निविदाकाराची कागदपत्रं भलत्याच टेबलावर पोहोचली, असा आक्षेप त्यावर दुसरा निविदाकार घेऊ शकतो.

वेळेचं मोजमापही पाठवणाऱ्याच्या घड्याळावर चालत नाही. ‘पाठवलेले’च्या कप्प्यात दिसणारी वेळ आपल्या बाजूची असते, आणि जोडपत्रं जड असतील तर मेल बाहेर पडायलाच काही मिनिटं लागतात. वाद झालाच तर मेलचा मूळ मजकूर उघडून त्यातल्या Received च्या ओळी पाहिल्या जातात. ओळ साधारण अशी दिसते :

```
Received: from mail.example.com by mx.example.org;
  Tue, 10 Feb 2026 09:11:07 +0000
```

शेवटचं `+0000` न पाहता ‘सकाळी ९ वाजून ११ मिनिटांनी आला’ असं वाचणारे असतात. आपली वेळ त्यापुढे साडेपाच तास, म्हणजे हा मेल दुपारी २ वाजून ४१ मिनिटांनी पोहोचला. मुदतीच्या १९ मिनिटं आधी. पोहोचला खरा, पण त्या १९ मिनिटांत तो आकारामुळे परत आला असता तर दुसऱ्यांदा पाठवायला जेमतेम वेळ उरला असता.

आकाराचा घोटाळा तर हमखास होतो. मेलच्या सर्व्हरची मर्यादा २५ एमबी असली, की २३ एमबीची फाइल जाईल असं वाटतं, आणि ती जात नाही. मेलमधून जाताना जोडपत्राचं अक्षरांत रूपांतर होतं : दर तीन बाइटची चार अक्षरं. वजन सरळ एक तृतीयांशाने वाढतं, वर ओळींचा थोडा भार. त्यामुळे २५ एमबीच्या मर्यादेत खरी फाइल १८ एमबीच्या आसपासच मावते, आणि समोरच्या संस्थेच्या सर्व्हरची मर्यादा १० एमबी असेल तर ७ एमबीच्या पुढे जाऊ नये. यावर तोडगा साधा आहे. झेरॉक्सच्या दुकानात रंगीत ६०० डीपीआयवर स्कॅन करून देतात, ते इथे लागत नाही. २०० डीपीआय आणि करड्या छटा पुरतात, शिक्का आणि सही त्यातही स्वच्छ वाचता येते. एवढं करूनही फाइल जड राहिली तर दोन मेल करावेत, विषयात ‘भाग १/२’ आणि ‘भाग २/२’ असं लिहावं, आणि कागदपत्रांची संपूर्ण यादी दोन्ही मेलमध्ये द्यावी. ड्राइव्हची लिंक पाठवू नये. लिंकमागची फाइल मुदतीनंतरही बदलता येते. छाननी करणाऱ्याला तेवढं कारण पुरतं, आणि त्यात त्याची चूक काढता येत नाही.

आता यादी. इथेच थोडं जास्त थांबायला हवं.

निविदेच्या एका कलमात मागितलेल्या कागदांची नावं दिलेली असतात. छाननीचा तक्ता त्याच क्रमाने बनतो : डावीकडे कलमातला उपक्रमांक, पुढे निविदाकारांचे रकाने, प्रत्येक घरात ‘आहे’ किंवा ‘नाही’. तक्ता भरणारा माणूस एका बैठकीत पाच-सहा गठ्ठे बघतो. आपली यादी त्याच क्रमाने, त्याच उपक्रमांकांनी आणि पानांच्या आकड्यांसह असेल तर त्याचं बोट यादीवरून थेट पानावर जातं. आपल्या सोयीचा क्रम लावला, पॅन कार्ड पहिलं कारण ते पहिलं सापडलं, की त्याला शोधावं लागतं, आणि शोधूनही सापडलं नाही की ‘नाही’ पडतं. कागद गठ्ठ्यात असूनही ‘नाही’ पडलेलं घर नंतर बदलून घेणं किती कठीण जातं, ते अशा टेबलासमोर उभं राहिलेल्यालाच माहीत.

आपल्या कूलरच्या निविदेत कलम ७ मध्ये नऊ कागद मागितले आहेत असं धरू. त्यांचा एकच पीडीएफ करायचा, प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात हाताने किंवा शिक्क्याने क्रमांक टाकायचे आणि मगच स्कॅन करायचं. क्रमांक आधी, स्कॅन नंतर. उलट केलं की पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रॅमचे पान क्रमांक आणि कागदावरचे क्रमांक जुळत नाहीत. मेल मग असा होतो :

विषय : निविदा क्र. देखभाल/कूलर/०४/२०२५-२६ – तांत्रिक व आर्थिक देकार – (संस्थेचे नाव)

महोदय,
उपरोक्त निविदेसाठी आमचा देकार सादर करीत आहोत. निविदेतील सर्व अटी व शुद्धिपत्रक क्र. १ आम्हाला मान्य आहे. देकार कलम १२ प्रमाणे ९० दिवस वैध राहील.

जोडपत्र १ : `04_Tantrik.pdf`, एकूण ४२ पाने
७(अ) बयाणा रकमेच्या डीडीची प्रत – पान १ (मूळ डीडी आपल्या कार्यालयात दि. ९ फेब्रुवारी रोजी जमा, आवक क्र. ……)
७(आ) दुकाने व आस्थापना नोंदणी – पाने २ ते ३
७(इ) पॅन – पान ४
७(ई) जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्टांसह – पाने ५ ते ७
७(उ) तीन वर्षांच्या आयकर विवरणपत्रांच्या पोचपावत्या – पाने ८ ते १०
७(ऊ) उलाढालीचे सीए प्रमाणपत्र, यूडीआयएनसह – पान ११
७(ए) दोन कार्यपूर्ती प्रमाणपत्रे व त्यांचे कार्यादेश – पाने १२ ते १५
७(ऐ) काळ्या यादीत नसल्याचे शपथपत्र – पाने १६ ते १७
७(ओ) प्रत्येक पानावर सही-शिक्का केलेली निविदा – पाने १८ ते ४१
अतिरिक्त : संपर्क व्यक्तीचे प्राधिकारपत्र – पान ४२

जोडपत्र २ : `04_Arthik.pdf`, २ पाने, पासवर्डने बंद. पासवर्ड आर्थिक लिफाफा उघडतेवेळी संपर्क व्यक्ती देतील.

या देकारासंबंधी सर्व पत्रव्यवहार व स्पष्टीकरणासाठी एकच संपर्क : श्री. ……, व्यवस्थापक, मोबाइल ……, मेल …… (ज्या पत्त्यावरून हा मेल पाठवला तोच).

कृपया मेल व दोन्ही जोडपत्रे मिळाल्याची पोच द्यावी.

स्वाक्षरी : (मालक / भागीदार)

या मेलमध्ये शोभेचं काही नाही, आणि तसंच बरं. विषयातला निविदा क्रमांक सूचनेत जसा छापला आहे तसाच उचललेला आहे. मराठी आकडे असतील तर मराठी, तिरप्या रेघा असतील तर तिरप्या. त्या इनबॉक्समध्ये कूलरखेरीज लिफ्टच्या, रंगकामाच्या, बागेच्या निविदाही येत असतात, आणि लिपिक क्रमांक टाकूनच शोधतो. ‘टेंडर सबमिशन’ एवढ्याच विषयाचा मेल तिथे हरवायला वेळ लागत नाही.

यादीतल्या प्रत्येक ओळीमागे काहीतरी घडून गेलेलं आहे. जीएसटीचं नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरईजी-०६ हा नमुना, पहिल्या पानावर संपत नाही. त्याच्या परिशिष्ट अ मध्ये व्यवसायाच्या जादा जागा असतात आणि परिशिष्ट ब मध्ये मालक-भागीदारांची नावं. बहुतेक जण शिक्क्याचं दिसणारं पहिलं पानच लावतात. मग सही करणारा भागीदार खरोखर भागीदार आहे का, हे कागदांवरून कळत नाही आणि शंका निघते. यादीत ‘परिशिष्टांसह, पाने ५ ते ७’ असं लिहायला घेतलं की ती दोन पानं राहिल्याचं लिहिणाऱ्यालाच लक्षात येतं. सीएच्या प्रमाणपत्राचंही तसंच. २०१९ पासून अशा प्रमाणपत्रांवर यूडीआयएन हा आकडे आणि अक्षरं मिळून १८ खुणांचा क्रमांक लागतो, आणि तो सीए संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही पडताळता येतो. घाईत स्कॅन केलेल्या प्रतीत त्यातली एक खूण पुसट आली तर पडताळणी बसत नाही. तो क्रमांक मेलमध्ये टंकून देण्याची गरज नाही, फक्त स्कॅन मोठं करून एकदा वाचून पाहावा.

शपथपत्राबाबत सध्या एक नवाच गोंधळ आहे. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० रुपयांच्या मुद्रांकाची बहुतेक कामं ५०० रुपयांवर गेली, पण निविदेचे मसुदे जुन्यावरून उतरवलेले असल्याने त्यात अजून ‘१०० रुपयांच्या मुद्रांकावर’ असं छापलेलं सापडतं. अशा वेळी सिव्हिल लाइन्सला कोर्टाजवळ मुद्रांक विक्रेत्यांच्या टेबलापाशी उभं राहून तर्क लढवत बसण्यापेक्षा, मुदतीच्या आत संस्थेला मेलवर विचारून घ्यावं आणि त्या उत्तराची प्रत शपथपत्राच्या मागेच लावावी. तसं केलं तर यादीतल्या पानांचे आकडे बदलतील हेही ध्यानात ठेवावं. यादी आधी लिहून ठेवून गठ्ठ्याच्या सुरुवातीला मागाहून एक पान घातलं की पुढची सगळी ओळ एकाने घसरते, आणि पान १२ वर कार्यपूर्तीऐवजी सीएचं प्रमाणपत्र निघतं.

यादीत असलेला पण जोडलेला नसलेला कागद हा सगळ्यात वाईट प्रकार. मागितलेला कागद मुळातच नसेल तर ती उणीव असते, पण ‘सोबत जोडला आहे’ असं सहीनिशी लिहून तो नसेल तर समितीत कुणीतरी विचारतंच, की इतर विधानांचं काय. आणि याच्या उलट, न मागितलेले कागद. दहा वर्षांपूर्वीची प्रशस्तिपत्रं, दुकानाच्या उद्घाटनाचे फोटो, आयएसओच्या मुदत संपलेल्या चौकटी. ते लावावेसे का वाटतात हे कळतं. माणसाने आयुष्य घालून धंदा उभा केलेला असतो आणि तो कुणाला तरी दिसावा असं वाटतं. तरीही ते लावू नयेत असंच म्हणेन. मुदत संपलेलं एक प्रमाणपत्र लावलं की त्याबद्दलही स्पष्टीकरण मागता येतं.

मेलमध्ये काय नसावं, हे वाटतं त्यापेक्षा नाजूक प्रकरण आहे. दर नसावेत, हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते आडवाटेने शिरतात. ‘आमचा दर मागील वर्षीइतकाच ठेवला आहे’ हे वाक्य आकडा न सांगताही दर सांगतं, कारण मागच्या वर्षीचा दर संस्थेच्या फाइलमध्ये आहे. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत तांत्रिक छाननी होण्याआधी दर उघड झाला की देकार बाद होतो, आणि तो हेतू ठेवून केला की चांगुलपणाने, हे कुणी पाहत नाही. दुसरी गोष्ट अटींची. निविदा भरणं हा कायद्याच्या भाषेत प्रस्ताव आहे, आणि पत्रात घातलेली प्रत्येक ओळ त्या प्रस्तावाचा भाग होते. ‘ताट्यांचे भाव वाढल्यास फरक द्यावा लागेल’, ‘निम्मी रक्कम आगाऊ मिळावी ही विनंती’, अशी नम्र वाक्यं लिहिली की देकार सशर्त ठरतो.

यापेक्षाही कपटी अट असते ती छापील. इतवारीपासून हिंगण्यापर्यंत कुठल्याही फर्मचं लेटरहेड घ्या, तळाशी बारीक अक्षरात ‘नागपूर न्यायक्षेत्राच्या अधीन’ छापलेलं असायची शक्यता मोठी. बिलावर ती ओळ कामाची आहे. पण निविदा काढणाऱ्या कंपनीचं मुख्यालय मुंबईला असेल आणि निविदेत न्यायक्षेत्र मुंबई लिहिलं असेल, तर आपणच ‘सर्व अटी मान्य’ म्हणतोय आणि त्याच कागदाच्या तळाशी त्यातली एक नाकारतोय. काही बिलबुकांच्या धर्तीवर छापलेल्या लेटरहेडवर ‘दरात पूर्वसूचनेशिवाय बदल होऊ शकतो’ असंही असतं. मेलच्या खाली आपोआप चिकटणारी इंग्रजी तळटीपही वाचून पाहावी. कुणीतरी कधीतरी बसवून दिलेल्या त्या मजकुरात ‘हा मेल बंधनकारक प्रस्ताव समजू नये’ अशा अर्थाचं वाक्य पुष्कळदा असतं. निविदेसाठी लेटरहेडचा साधा, तळ कोरा असलेला नमुना वेगळा ठेवावा आणि त्या मेलपुरती तळटीप काढून टाकावी.

आता ते एक नाव.

सही करणारा आणि संपर्काचा माणूस एकच असायला हवा असं नाही. सही मालकाची किंवा भागीदाराची, कारण बंधन त्याच्यावर येतं. संपर्काचा माणूस तो, ज्याच्या हाताशी गठ्ठ्याची तंतोतंत दुसरी प्रत आहे आणि जो ती उघडून ‘पान १२ का? एक मिनिट, हो, समोर आहे’ असं म्हणू शकतो. तीन नावं देण्यामागे काळजीच असते : एक नाही तर दुसरा उचलेल. पण टेबलापलीकडून बघितलं तर तीन नावं म्हणजे तीन फोन, आणि पहिल्या दोघांनंतर ‘सांगितलं’ ही समजूत. शिवाय तिघांनी तीन उत्तरं दिली तर संस्थेने कुठलं धरायचं, हा प्रश्न वेगळाच. एकाच माणसाचं नाव दिलं की तो जे लिहून पाठवेल ते फर्मचं उत्तर, यात शंका राहत नाही. म्हणून पान ४२ वरचं प्राधिकारपत्र. त्यात मालकाच्या सहीने एवढंच असावं की हा माणूस या निविदेपुरती स्पष्टीकरणं देईल आणि कागदांच्या प्रती पाठवेल. दर बदलण्याचा, अट मान्य करण्याचा किंवा देकार मागे घेण्याचा अधिकार त्याला दिलेला नाही, हेही त्यातच लिहावं. त्याचं नाव, मोबाइल आणि पत्ता मेलमध्ये, प्राधिकारपत्रात आणि निविदेच्या छापील नमुन्यात एकच असावा. निविदेच्या नमुन्यात जुन्या माणसाचा नंबर राहून जातो, कारण तो नमुना मागच्या वर्षीच्या प्रतीवरून भरलेला असतो.

त्या माणसाच्या दिनक्रमाकडेही बघावं लागतं. कार्यालयातून फोन येतो तो बहुधा लँडलाइनवरून, ०७१२ ने सुरू होणाऱ्या अनोळखी नंबरवरून, सकाळी ११ ते संध्याकाळी ५ च्या दरम्यान. अनोळखी नंबर न उचलणारा, किंवा दिवसभर एखाद्या तळघरात कूलरच्या मोटारी खोलत बसलेला माणूस कितीही जाणकार असला तरी या कामाला चालत नाही. देकार उघडल्यापासून निकाल लागेपर्यंत त्याने रोज दोनदा मेल बघायचा, स्पॅमच्या कप्प्यासह. त्याच काळात त्याच्या घरी लग्न असेल तर दुसऱ्याचं नाव द्यावं. ते पाठवण्याआधी ठरवावं, कारण नंतर नाव बदलायचं तर मालकाच्या सहीचं नवं पत्र लागतं. आणि फोनवर विचारलेल्याचं उत्तर फोनवर देऊन थांबू नये. “हो साहेब, पाठवतो” म्हणून झालं की त्याच मेलच्या साखळीत लेखी उत्तर आणि कागद जायला हवा. छाननीच्या फाइलीत फोन लावता येत नाही.

काय पाठवता येतं यालाही मर्यादा आहे. स्पष्टीकरण म्हणून मागितला जातो तो देकार उघडण्याच्या दिवशी अस्तित्वात असलेला कागद : जुना कार्यादेश, आधीच्या तारखेचं प्रमाणपत्र, मूळ कागदाची स्वच्छ प्रत. मुदतीनंतरच्या तारखेचं नवं अनुभव प्रमाणपत्र करून आणलं तर ते बहुधा धरत नाहीत, कारण मग मुदतीला अर्थ उरत नाही. म्हणून संपर्काच्या माणसाकडे गठ्ठ्याच्या प्रतीबरोबर त्यामागचे कागदही हवेत : प्रत्येक कार्यपूर्तीचा कार्यादेश, शेवटचं बिल, बँकेत रक्कम जमा झाल्याची नोंद.

मेल गेल्यावर पोच आली नाही, तर मुदत संपण्याआधी एक फोन करून आवक क्रमांक विचारावा. चूक सापडली आणि मुदत बाकी असली, तर सुटा कागद मागून पाठवू नये. ‘आधीचा देकार मागे घेत आहोत, हाच अंतिम समजावा’ असं पहिल्या ओळीत लिहून, निविदेत मनाई नसेल तर, सगळा संच नव्याने पाठवावा. भारतीय करार अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे स्वीकृती कळवली जाण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो. मुदतीनंतर मागे घेतला तर मात्र बहुतेक निविदांच्या अटींप्रमाणे बयाणा जातो, म्हणून हे सगळं ३ वाजायच्या आत.

आर्थिक लिफाफ्याच्या पासवर्डचं काम त्याच एका माणसाकडे राहतं. समितीतून फोन येतो, पाच-सहा लोक पडद्याकडे बघत बसलेले असतात, आणि पासवर्ड तोंडी सांगताना इंग्रजी ओ की शून्य, एल की एक, यावर गाडी अडते. तीनदा चुकीचा पडला की खोलीतले लोक अस्वस्थ होतात, आणि ‘उघडत नाही’ अशी नोंद करायला कुणाची हरकत राहत नाही. म्हणून पासवर्डमध्ये `0`, `O`, `1`, `l` आणि `I` घेऊच नयेत, लहान-मोठी अक्षरं मिसळू नयेत. आठ-दहा लहान अक्षरं आणि २ ते ९ मधले आकडे पुरतात. फाइल झिपमध्ये घालू नये, पासवर्डची झिप अनेक ठिकाणची मेल गाळणी वाटेतच अडवते. पीडीएफलाच पासवर्ड लावावा. पाठवण्याआधी ती स्वतःच्या संगणकावर नव्हे, दुसऱ्याच्या संगणकावर एकदा उघडून पाहावी, आणि तीही पासवर्ड फोनवर सांगून.